व्हिक्स 25 म्हणजे नक्की काय? जून 2024 च्या आकड्यांवर केलेल्या कामाच्या नोंदी

4 ऑगस्ट

सुरुवात मामांच्या फोनने झाली. मामा रिटायर झाल्यापासून निफ्टीचा इंडेक्स फंड धरून बसलेत, ऑप्शन वगैरे करत नाहीत, पण बिझनेस चॅनल रोज बघतात आणि तिथे बाजाराची पुढची अपेक्षित हालचाल मोजणाऱ्या निर्देशांकाबद्दल "व्हिक्स 25 वर" असं आलं की त्यांना धडकी भरते. आज सरळ विचारलं, "अरे, 25 म्हणजे बाजार 25 टक्के पडणार का?" मी नाही म्हणालो, पण मग नक्की काय ते नीट सांगता येईना. आयव्ही म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, पुढची हालचाल, एचव्ही म्हणजे हिस्टॉरिकल, मागची, एवढंच सांगून मी फोन ठेवला, आणि ते मला खटकत राहिलं. दोन्ही आकडे आपण रोज वापरतो.

म्हणून ठरवलं की एकच महिना घ्यायचा आणि तो पूर्ण उलगडायचा. लोकसभा निकालाचा जून 2024. तेव्हा व्हिक्स चढला पण, बाजार हलला पण, आणि आकडे अजून डोक्यात ताजे आहेत.

6 ऑगस्ट

आधी सोपी बाजू, हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी. निफ्टीची रोजची क्लोजिंग घ्यायची, आजच्या क्लोजिंगला कालच्याने भागून लॉग काढायचा, शेवटच्या 20 दिवसांचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्यायचं आणि वर्षाच्या मापात आणायला 252 च्या वर्गमुळाने गुणायचं, कारण वर्षात साधारण तेवढे ट्रेडिंगचे दिवस असतात.

```python
r = np.log(df["close"]).diff()
hv20 = r.rolling(20).std() * np.sqrt(252) * 100
```

दोन ओळींचं काम, पण डेटा साफ करायलाच संध्याकाळ गेली. 18 मे 2024 शनिवार होता तरी डेटात आहे, कारण त्या दिवशी एक्स्चेंजने बॅकअप साइटवरून छोटं स्पेशल सेशन घेतलं होतं. 20 मे सोमवार असूनही नाही, मुंबईत मतदान होतं म्हणून बाजार बंद. लक्ष्मीपूजनाचं मुहूर्त ट्रेडिंगही असंच, तासाभराचं सेशन, पण डेटात पूर्ण दिवसासारखी एक ओळ. अशा अर्ध्यामुर्ध्या दिवशी भाव जेमतेम हलतो आणि तो "शांत दिवस" म्हणून सरासरीत बसतो, त्यामुळे एचव्ही थोडी कमी दिसते. मी ते दिवस काढून टाकले, त्यांची हालचाल पुढच्या पूर्ण दिवसात आपोआप येते.

9 ऑगस्ट

आता इंडिया व्हिक्स. एनएसईने 2008 मध्ये सुरू केला, पद्धत शिकागोच्या सीबीओईची आणि नावही त्यांच्याकडून परवाना घेऊन. मला इतके दिवस वाटायचं की एटीएम, म्हणजे चालू भावाजवळच्या ऑप्शनची आयव्ही घेतात आणि तोच व्हिक्स. तसं नाहीये. निफ्टीच्या आऊट ऑफ द मनी ऑप्शनची अख्खी रांग घेतात, फ्युचरच्या भावाच्या खालचे पुट म्हणजे विकायचे हक्क आणि वरचे कॉल म्हणजे घ्यायचे हक्क, प्रत्येकाच्या बिड-आस्कचा मधला भाव, आणि त्याला स्ट्राइकच्या, म्हणजे हक्काच्या ठरलेल्या भावाच्या, वर्गाने भागून वजन देतात. म्हणजे खालच्या स्ट्राइकच्या पुटला वजन जास्त. मग जवळची आणि पुढची अशा दोन एक्स्पायरींतून, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याच्या तारखांतून, 30 कॅलेंडर दिवसांचा एक आकडा बसवतात आणि तो वर्षाच्या टक्क्यांत दाखवतात.

यात ब्लॅक-शोल्सचं मॉडेल कुठेच नाही, लोक ऑप्शनला जो भाव देतायत त्याचीच ही वजनदार बेरीज आहे. आणि ती बेरीज "भाव कुठे जाईल" याची नसून रोजच्या हालचालींच्या वर्गांची जी बेरीज पुढच्या 30 दिवसांत अपेक्षित आहे तिची किंमत आहे. वर्गांची बेरीज, हे मी जाड अक्षरात लिहून ठेवलं कारण पुढे सगळं यावरच आलं. वर्ग केला की प्लस-मायनस निघून जातं, म्हणून व्हिक्सला दिशा नसते. पडताना तो चढतो हे खरंय, पण ते अशासाठी की पडताना लोक घाईने पुट घेतात आणि घसरणीत बाजार हलतोही जास्त.

11 ऑगस्ट

मामांच्या प्रश्नाचं सरळ गणित आज केलं. 31 मे 2024, शुक्रवार, निफ्टी 22,530.70 वर बंद, व्हिक्स साधारण 24.6. वर्षाचा आकडा 30 दिवसांवर आणायला 30 भागिले 365 चं वर्गमूळ घ्यायचं, ते येतं 0.287. म्हणून 24.6 चे झाले साधारण 7.05 टक्के, म्हणजे वर-खाली 1,590 पॉइंटच्या आसपास. पट्टा झाला 20,940 ते 24,120.

म्हणजे 25 च्या व्हिक्सचा अर्थ महिन्याला वर किंवा खाली 7 टक्के, आणि तेही "एवढंच होईल" असं नाही, तर नॉर्मल वितरण धरलं तर तीनपैकी दोन वेळा साधारण या पट्ट्यात. खरं वितरण नॉर्मल नसतं, खालच्या बाजूची शेपटी जाड असते, आणि ऑप्शन विकणारा जोखमीचे पैसे वर लावतो म्हणून आकडा बहुतेक वेळा प्रत्यक्ष हालचालीपेक्षा थोडा फुगलेला असतो. त्यामुळे हा पट्टा हवामानखात्याच्या अंदाजापेक्षा विम्याच्या हप्त्याच्या जास्त जवळचा.

मग जूनमध्ये झालं काय? 28 जूनला, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या ट्रेडिंग दिवशी, निफ्टी 24,010.60. वर 6.6 टक्के, पट्ट्याच्या आत. 4 जूनला दिवसभरातला तळ 21,281 च्या आसपास होता, तोही पट्ट्याच्या आत! ज्या दिवशी सगळ्यांना वाटलं होतं की आकाश कोसळलं, त्या दिवशीचा तळसुद्धा शुक्रवारच्या व्हिक्सने काढलेल्या रेषेच्या वरच होता. हे मी तीनदा तपासलं.

14 ऑगस्ट

आज मे महिन्याचा ग्राफ. एचव्हीची रेघ जवळपास आडवी, मेमध्ये एकाही दिवशी निफ्टीचं क्लोजिंग 2 टक्क्यांनीसुद्धा हललं नाही, सगळ्यात मोठा दिवस 23 मे, तो 1.6 टक्क्यांचा. आणि व्हिक्स मात्र एप्रिलअखेरच्या 10-12 वरून चढत चढत 24 च्या वर. पहिल्यांदा वाटतं की लोक हळूहळू घाबरत गेले. थोडं ते असेलही, कारण मतदानाच्या टक्केवारीवरून बरीच चर्चा चालू होती. पण निकालाची तारीख तर मार्चपासून सगळ्यांना माहीत होती की 4 जून! मग एप्रिलमध्ये व्हिक्स एवढा खाली कसा?

कारण व्हिक्सची खिडकी 30 दिवसांची आहे. एप्रिलअखेर ती खिडकी मेच्या शेवटच्या आठवड्यात संपत होती आणि 4 जून बाहेर होता. 5 मेपासून निकाल खिडकीत आला. म्हणजे कोणाची भीती कणभर वाढली नाही तरी व्हिक्स चढणारच होता.

23 एप्रिलला तर व्हिक्स एका दिवसात 20 टक्के पडून 10 च्या जवळ आला होता आणि तेव्हा बऱ्याच लोकांनी याचा अर्थ "बाजाराला निवडणुकीची काळजीच नाही" असा लावला. मला पद्धत वाचल्यावर वेगळीच शंका आली, आणि हे माझं अनुमान आहे असं समजून वाचा. एप्रिलची एक्स्पायरी 25 तारखेला होती, शेवटचे दिवस राहिले की मोजणी पुढच्या दोन महिन्यांवर जाते, म्हणजे 30 मे आणि 27 जून. 23 एप्रिलपासून ते 37 आणि 65 दिवस लांब. 30 दिवसांचा आकडा या दोघांच्या मधे नाहीच, अलीकडे आहे! मग सूत्र रेघ मागे ओढतं आणि जूनच्या सिरीजला वजन येतं मायनस पाव, मेला सव्वा. उदाहरणासाठी मे 13 आणि जून 18 धरला (हे आकडे माझे, समजायला) तर उत्तर येतं 9.2, दोघांपेक्षाही कमी. जूनमध्ये निवडणुकीचा प्रीमियम जितका जास्त तितका व्हिक्स खाली. तो दिवस पूर्ण यानेच झाला असं मी म्हणत नाही, पण एप्रिलचा तो 10 बेफिकिरीचा पुरावा म्हणून वापरू नये एवढं नक्की.

17 ऑगस्ट

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

एक नियम सगळे सांगतात की व्हिक्सला 16 ने भागा, रोजची अपेक्षित हालचाल मिळते (252 चं वर्गमूळ 15.9, म्हणून 16). 3 जूनला, एक्झिट पोलनंतरच्या सोमवारी, निफ्टी 3.25 टक्के चढून 23,263.90 वर बंद झाला आणि व्हिक्स 21 च्या जवळ उतरला. नियमाने दुसऱ्या दिवशीची हालचाल 1.3 टक्के. प्रत्यक्षात 4 जूनला 5.93 टक्के पडला, 21,884.50. म्हणजे साडेचार सिग्मा, अपेक्षित हालचालीच्या साडेचारपट, नॉर्मल गणितात माणसाच्या हयातीत होऊ नये असं काहीतरी. यावरून आमच्या ग्रुपमध्ये तेव्हा "व्हिक्स कुचकामी आहे" अशी चर्चा रंगली होती आणि मीही मान डोलावली होती.

चूक नियम वापरण्यात आहे. 16 ने भागणं म्हणजे 30 दिवसांची सगळी हालचाल रोज सारखी वाटली असं धरणं. पण सगळ्यांना माहीत आहे की एका मंगळवारी निकाल आहे, मग वाटणी सारखी कशी असेल? म्हणून व्हेरियन्स, म्हणजे तीच वर्गांची बेरीज, वेगळा काढला, ती सरळ वजा करता येते हीच त्याची सोय.

3 जूनचा हिशेब असा. व्हिक्स 20.94, म्हणून 0.2094 चा वर्ग करून 30/365 ने गुणला की 30 दिवसांचा एकूण व्हेरियन्स 0.00360. निवडणूक नसती तर व्हिक्स किती असता? मी 13 धरला, मार्च-एप्रिलमध्ये तो तिथेच घोटाळत होता. 0.13 चा वर्ग गुणिले 30/365 म्हणजे 0.00139. वजाबाकी 0.00221, तिचं वर्गमूळ 4.7 टक्के. म्हणजे सोमवारी संध्याकाळी ऑप्शनच्या भावात मंगळवारच्या निकालासाठी साधारण पावणेपाच टक्क्यांची उडी आधीच भरलेली होती, आणि प्रत्यक्ष उडी तिच्या सव्वापट. साडेचार सिग्मा कुठे आणि सव्वा कुठे! ज्याला व्हिक्सने फसवलं म्हणतात त्या दिवशी व्हिक्सच्या पोटात उत्तर होतं, भागाकाराने ते पातळ करून टाकलं.

अडचण 13 ची आहे, तो मी डोळ्यांनी ठरवला. म्हणून शुक्रवारचा 24.6 घेऊन वेगवेगळे आकडे लावून पाहिले. 13 ला निवडणुकीचा वाटा 6.0 टक्के येतो, 11 धरला तर 6.3, 15 धरला तर 5.6. म्हणजे उत्तर फार डगमगत नाही. शुक्रवारच्या आकड्यात सोमवारी बाजारात उमटलेले एक्झिट पोल, मंगळवारचा निकाल आणि बुधवारचे पडसाद तिन्ही आहेत, त्यामुळे 6.0 ची तुलना 4 जूनच्या 5.93 शी करून "बघा कसं जुळलं" म्हणण्यात अर्थ नाही, ते निव्वळ योगायोगाने जुळतंय. सोम-मंगळ-बुध तिन्ही दिवसांचे वर्ग बेरीज करून मूळ काढलं तर 7.7 टक्के येतं, तुलना त्याच्याशी करायला हवी.

अजून एक गोष्ट बघितली. निकाल लागला म्हणजे अनिश्चितता संपली, व्हिक्स धाडकन खाली यायला हवा. तो 4 जूनला उलट चढला, दिवसभरात 31 च्या वर जाऊन 26.7 च्या आसपास बंद. भाजप 240 वर, बहुमताचे 272 स्वतःच्या बळावर नाहीत, म्हणून सरकार कसं बनणार हा नवा प्रश्न उघडला. 5 तारखेला एनडीएच्या मित्रपक्षांनी नेतेपदी मोदींची निवड केली, बाजार 3.36 टक्के वर आणि व्हिक्स 19 च्या खाली. बाजार काल पडल्यामुळे आज व्हिक्स जास्त असं नसतं, पुढे काय राहिलंय त्याच्यावर तो चालतो.

18 ऑगस्ट

एक कोडं काल रात्रीपासून डोक्यात. महिनाभरात निफ्टी 6.6 टक्के वर, अपेक्षा 7.05, म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी हलला. पण मग महिन्याची प्रत्यक्ष व्होलॅटिलिटी व्हिक्सपेक्षा कमी यायला हवी, आणि शीटमध्ये ती जास्त दिसतेय.

फक्त पहिल्या पाच दिवसांचे लॉग रिटर्न लिहितो.

```
3 जून   +3.20
4 जून   -6.11
5 जून   +3.31
6 जून   +0.88
7 जून   +2.03
```

साधी बेरीज 3.3. वर्गांची बेरीज 63.5, त्यातले 37 एकट्या 4 जूनचे. महिन्याचे बाकीचे सगळे दिवस शून्य धरले तरी या पाच दिवसांवरच 30 दिवसांची वार्षिक व्होलॅटिलिटी 27.8 येते, शुक्रवारच्या 24.6 पेक्षा जास्त. म्हणजे या वेळी विमा स्वस्तात मिळाला होता. नेहमीचा कल उलटा असतो.

आणि तरी टोकापासून टोकापर्यंत अंतर कमी, कारण अंतर मोजताना प्लस-मायनस एकमेकांना खातात आणि वर्ग करताना खात नाहीत. घाट चढून उतरून चढणाऱ्या माणसाचे पाय किती दुखले ते नकाशावरच्या दोन ठिपक्यांमधल्या अंतरावरून कळत नाही तसं. ज्याने 31 मेला स्ट्रॅडल, म्हणजे एकाच स्ट्राइकचा कॉल आणि पुट, घेऊन नुसतं महिनाभर धरलं आणि ज्याने तेच घेऊन रोज फ्युचरने डेल्टा, म्हणजे दिशेचा धोका, सपाट केला, त्या दोघांचा नफा याच फरकामुळे वेगळा येईल. आयव्हीची तुलना करायची तर दुसऱ्या माणसाच्या अनुभवाशी करायची.

22 ऑगस्ट

आज एक खोटा सिग्नल सापडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एचव्हीची रेघ कड्यावरून पडल्यासारखी पडते. 1 जुलैपर्यंत ती 27 च्या वर आहे (3, 4, 5 जून हे तीन दिवसच तेवढी भरतात), आणि 4 जुलैला अर्ध्याहून खाली. बाजारात त्या दिवसांत असं काहीही घडलं नाही की ज्याने व्होलॅटिलिटी कोसळावी.

दिवस मोजले. 17 जूनला बकरी ईदची सुट्टी धरून 4 जूनपासून विसावा ट्रेडिंग दिवस 2 जुलै येतो. 3 जुलैला 4 जून खिडकीच्या बाहेर पडला, आदल्या दिवशी 3 जून, दुसऱ्या दिवशी 5 जून. रेघ पडली ती महिन्याभरापूर्वीचे तीन दिवस विसरल्यामुळे. या काळात व्हिक्स केव्हाच 14 च्या आसपास आलेला. म्हणजे जूनचे शेवटचे दोन आठवडे "आयव्ही एचव्हीपेक्षा निम्मी, ऑप्शन स्वस्त, घेऊन टाका" असं जो कोणी एचव्ही बघून म्हणाला असेल तो एका जुन्या दिवसाची तुलना पुढच्या महिन्याशी करत होता.

खिडकी लांब करून हे जात नाही, 60 दिवस केले तर कडा छोटा होतो पण भूत जास्त दिवस घरात राहतं. जुन्या दिवसांचं वजन हळूहळू कमी करणारी सरासरी लावून पाहिली, कडा गेला, उतार आला. तीच ठेवली.

24 ऑगस्ट

शीटमधला एक मोठा दोष आज दुरुस्त केला. मी आजचा व्हिक्स आणि आजची एचव्ही शेजारी ठेवत होतो. एक पुढच्या 30 दिवसांबद्दल, दुसरी मागच्या 20 बद्दल, दोन वेगळ्या महिन्यांची वजाबाकी. व्हिक्स बरोबर होता की नाही ते बघायचं तर त्या दिवसाच्या पुढे प्रत्यक्ष जे घडलं ते त्याच्या शेजारी यायला हवं.

```python
rv_next = np.sqrt((r**2).rolling(20).sum().shift(-20) * 252/20) * 100
gap = vix - rv_next
```

`shift(-20)` एवढंच, पण त्याने 31 मेची ओळ पूर्ण उलटली. आधी तिथे "व्हिक्स एचव्हीच्या जवळपास दुप्पट, महाग" दिसत होतं, आता मायनस दिसतं, म्हणजे स्वस्त. अर्थात `gap` आज कळत नाही, वीस दिवसांनी कळतो, त्यामुळे ते तपासायचं साधन आहे, सौदा ठरवायचं नाही.

एकच अजून ओळ तपासली, 24 मार्च 2020. व्हिक्स 83 च्या वर, 30 दिवसांचा पट्टा वर-खाली 24 टक्के, निफ्टी 7,801. 23 एप्रिलला निफ्टी 9,300 च्या वर. 19 टक्के, पट्ट्यात, आणि वरच्या बाजूला.

संध्याकाळी मामांकडे जाऊन आलो, कागदावर फक्त दोन ओळी नेल्या होत्या, 25 ला 0.287 ने गुणायचं, आणि पुढच्या 30 दिवसांत कुठली ठरलेली तारीख येतेय का ते कॅलेंडरवर बघायचं. मामांनी कॅलक्युलेटर काढून स्वतः केलं, "सात टक्के, वर किंवा खाली," म्हणाले, आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर उलटून विचारलं, "आता बजेट कधी आहे रे?"